पहिला कप छान, दुसरा कडू: फ्रेंच प्रेसची जुनी तक्रार

चार मिनिटं घड्याळ लावून मोजली, फ्रेंच प्रेसचा दांडा दाबला, कॉफीचा पहिला कप ओतला. तो उत्तम. मग कुणाचा तरी फोन आला, बोलणं लांबलं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी त्याच भांड्यातला दुसरा कप ओतला, तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं. नुसती कडू असती तरी चाललं असतं, पण जीभ कोरडी पडते आणि टाळूला काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटतं. फ्रेंच प्रेस वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो, आणि बहुतेकजण दोष भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

माझा मावसभाऊ त्यांतलाच एक. त्याच्याकडे एक लिटरचं काचेचं भांडं आहे. ३६ ग्रॅम भरड पूड, ६०० मिली पाणी, चार मिनिटं, मग दाबणं. कृतीत काही चूक काढावी असं नव्हतं. घरात कॉफी पिणारा तो एकटाच, त्यामुळे एक मग लगेच आणि दुसरा काम करता करता. मधल्या काळात गार होऊ नये म्हणून भांड्याला जाड टॉवेल गुंडाळून ठेवायचा. महिनाभर दुसरा मग कडू लागत होता.

"सगळं करून पाहिलं रे," तो फोनवर म्हणाला. "बिया बदलल्या. वेळ अडीच मिनिटांवर आणली. पूड कमी केली. आता भांडंच बदलू का?"

"दादा, भांडं राहू दे. पण दांडा दाबला की कॉफी मुरायची थांबते, असं तू धरून चालला आहेस का?"

"मग? नाहीतर दाबायचा कशाला?"

गोम नेमकी इथेच आहे. दांड्याच्या टोकाला जाळी असते, आणि जाळीचं काम गाळण्याचं. दाबल्यावर चोथा तळाशी जातो, पण पाण्यातून बाहेर जात नाही. चहा गाळल्यावर पत्ती गाळणीत राहते आणि चहा कपात जातो, दोघांची फारकत होते. इथे फारकत होतच नाही. चोथा त्याच भांड्यात, त्याच गरम कॉफीत, फक्त एका धातूच्या जाळीखाली बसलेला असतो. पाणी जाळीच्या वरही आहे आणि खालीही. चोथ्यातला अर्क उतरायचा तो उतरतच राहतो, जरा सावकाश एवढंच. कॉफीचं मुरणं खऱ्या अर्थाने थांबतं ते ती दुसऱ्या भांड्यात ओतल्यावर.

हे एकदा लक्षात आलं की दादाचे तिन्ही उपाय का फसले ते सरळ दिसतं. वेळ अडीच मिनिटांवर आणल्याने पहिला मग आंबटसर आणि पोकळ झाला, कारण गोडवा उतरायच्या आतच तो ओतला गेला. दुसरा मग मात्र अडीच मिनिटांचा नव्हताच, तो पंचवीस मिनिटांचाच राहिला. पूड कमी करणं तर उलटंच पडलं. ३६ ची २८ ग्रॅम केली, पाणी तेवढंच ठेवलं, म्हणजे प्रत्येक कणाच्या वाट्याला जास्त पाणी आलं आणि प्रत्येक कणातून जास्त उतरलं. कॉफी पाणचट झाली आणि तरीही कडवट. कडू लागली की पूड कमी करावी असं कुणालाही सुचतं, पण कडूपणा आणि गडदपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत केली की माणूस महिनाभर गोल गोल फिरतो. बिया बदलून तर काही होणारच नव्हतं, कारण पहिला कप चांगला लागत होता. त्याच बियांचा पहिला कप चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर संशय दोन कपांच्या मधल्या वेळावर घ्यायला हवा.

तरीही मी सांगतोय म्हणून मान्य करू नका. एका सकाळी खात्री करून घेता येते. नेहमीसारखी कॉफी करा. चार मिनिटांनी दांडा दाबून अर्धी कॉफी एका थर्मासमध्ये ओता. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर तोच कॉफी गार करेल. उरलेली अर्धी भांड्यातच राहू द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी दोन्हींतली थोडी थोडी एकसारख्या दोन कपांत घ्या आणि लगेच पिऊ नका. थर्मासमधली कढत असेल, भांड्यातली कोमट. वेगवेगळ्या तापमानाला चव वेगवेगळी कळते, आणि इथे बरेचजण फसतात. दोन्ही कप सारखेच कोमट झाले की मग घोट घ्या. कुणाला तरी कप अदलाबदल करून द्यायला सांगितलंत तर आणखी बरं, आपण आपल्याच बाजूने झुकत नाही.

थर्मासमधली कॉफी जरा मंद, सुगंध थोडा उतरलेला, पण ओळखीची लागली आणि भांड्यातली कडू-तुरट लागली, तर निदान पक्कं झालं: चोथ्याशी झालेली लांबलचक संगत. दोन्ही सारख्याच कडू लागल्या, तर गडबड दाबण्याच्या आधीची आहे. पूड फार बारीक, भाजणी फार काळी किंवा जाळी अस्वच्छ. त्याकडे शेवटी येतो.

दादाने हा प्रयोग रविवारी केला आणि मला फक्त एक शब्द पाठवला: "गटार." भांड्यातल्या कपाबद्दल होता तो.

आता कडू का होते, ते जरा नीट पाहू, कारण उपाय त्यातूनच निघतात. गरम पाणी कॉफीच्या कणातून सगळं एकदम काढत नाही. आंबट आणि सुवासिक द्रव्यं लवकर सुटतात, त्यांच्या मागोमाग गोडवा येतो, आणि जड, कडू, तुरट द्रव्यं सावकाश येतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत भराभर उतरतं, मग वेग मंदावतो. चार मिनिटं हा आकडा लोक मंत्रासारखा जपतात, पण भरड पुडीत चार आणि पाच मिनिटांतला फरक डोळे मिटून ओळखून दाखवा, बहुतेकांना जमणार नाही. सेकंदांवरून भांडण्यात अर्थ नाही. पंचवीस मिनिटं ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. तोवर चांगलं ते सगळं कधीच उतरून गेलेलं असतं. पुढे जे येतं त्यात कडू-तुरटाचा वाटाच मोठा.

त्यात आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तुम्ही पहिला मग ओतून घेतलात, म्हणजे भांड्यातलं पाणी निम्म्यावर आलं. चोथा मात्र पूर्ण ३६ ग्रॅमचाच आहे. यापुढे जे काही उतरेल ते निम्म्याच कॉफीत उतरेल. शिवाय जाळीखाली, चोथ्याच्या कणांमध्ये जी कॉफी अडकलेली असते ती सगळ्यात दाट आणि सगळ्यात जास्त मुरलेली. भांडं जवळजवळ आडवं करून शेवटचा मग ओतताना तीच सुटून कपात येते. दुसरा मग कडू लागतो तो निव्वळ उशिरामुळे नाही, तो तळाचा असतो म्हणूनही.

तिसरा भाग म्हणजे पीठ. कितीही चांगली चक्की असली तरी भरड पुडीत थोडं पिठासारखं बारीक येतंच, आणि पात्याच्या ग्राइंडरमध्ये तर ते भरपूर असतं. जाळीतून हे पीठ आरपार जातं आणि कॉफीत तरंगत राहतं. हे कण कपातसुद्धा मुरत असतात, जिभेवर बसतात आणि तुरटपणा देतात. प्रयोगातल्या भांड्यातल्या कॉफीचा एक हिस्सा कागदी गाळणीतून गाळून चाखून पाहा. कडूपणा पूर्ण जाणार नाही, पण जीभ कोरडी करणारा तो खरखरीतपणा बराच कमी होतो. जेवढा कमी झाला तेवढा दोष पिठाचा.

आणि कॉफी नुसती गरम ठेवली, अगदी चोथ्याविना, तरी ती बदलतच राहते. कॉफीत क्लोरोजेनिक आम्लं असतात. उष्णतेत त्यांचं हळूहळू विघटन होतं आणि त्यातून क्विनिक आम्ल सुटतं. शेगडीवर किंवा गरम तव्यावर तासभर ठेवलेल्या कॉफीला जी आंबट-करकरीत चव येते, त्यात याचा हात असतो. म्हणून थर्मास हा उपाय आहे, पण अमर करणारा नाही. तासाभरात संपवावी. पुन्हा उकळू नये, उकळून उरलासुरला सुगंधही जातो. जाता जाता, कडूपणाचं खापर नेहमी कॅफिनवर फोडलं जातं ते फारसं खरं नाही. कॅफिन कडू असतं, पण कपातल्या कडूपणात त्याचा वाटा लहान. ते पाण्यात सहज आणि लवकर विरघळतं, त्यामुळे पहिल्या कपातही बऱ्यापैकी असतंच.

इथे एक हुशार वाचक मला अडवेल. कॉफी पारखणारे लोक तर चोथा कपातच ठेवतात! बरोबर आहे. कपिंगमध्ये वाटीत पूड टाकून वरून साधारण ९३ अंशांचं पाणी ओततात, चारेक मिनिटांनी चमच्याने वरचा थर फोडतात, फेस काढून टाकतात आणि आठ-दहा मिनिटांनंतर चाखायला लागतात. पुढे वाटी पार गार होईपर्यंत, कधी अर्धा तास, चाखणं चालूच असतं. चोथा वाटीच्या तळाशी तसाच. आणि तरी कॉफी गटार होत नाही. मला स्वतःला हे बरेच दिवस छळत होतं, कारण वर सांगितलेलं सगळं खरं असेल तर पारखणाऱ्यांच्या वाट्या कडूजहर व्हायला हव्यात.

उत्तर वाटीकडे बारकाईने पाहिल्यावर मिळतं. वाटी उघडी असते, त्यामुळे भराभर निवते, आणि पाणी निवलं की जड द्रव्यं उतरण्याचा वेग पडतो. थर फोडल्यानंतर तिला कुणी ढवळत नाही, चोथा आणि पीठ तळाशी जाऊन शांत बसतं. आणि चमचा फक्त वरून भरतात, तळाला हात लागत नाही. आता दादाचं भांडं आठवा. टॉवेल गुंडाळून ऊन ठेवलेलं. दांडा जोरात दाबून पीठ उधळलेलं. आणि शेवटचा मग तळापासून उपसलेला. वाटीत जे जे टाळलं जातं ते सगळं इथे झालेलं. म्हणजे चोथा कॉफीत असणं एवढाच गुन्हा नाही. उष्णता, घुसळण आणि तळ हे तिघे त्याच्या जोडीला आले की कॉफी बिघडते. स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या प्रेसमध्ये ही तक्रार जास्त ऐकू येते ती याचमुळे. कॉफी गरम राहावी म्हणून ते भांडं घेतात आणि मग चोथाही तितकाच वेळ गरम राहतो.

मग दाबायचं कधी? साधं उत्तर: ओतायच्या क्षणी, त्याआधी नाही. दाबून ठेवून मग कप शोधायला जाणं ही सवय मोडायची. कप समोर मांडलेले असू द्या, थर्मासचं झाकण उघडून ठेवलेलं असू द्या, आणि मगच दांड्याला हात लावा.

मी जी रीत वापरतो ती कपिंगच्याच वळणाची आहे. दादाच्याच मापाने सांगतो. भांडं गरम पाण्याने विसळून घ्यायचं. ३६ ग्रॅम पूड, जाडसर मिठाच्या कणांएवढी. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ६०० मिली ओतायचं, सगळी पूड भिजेल असं. पूड फुगून वर येते आणि जाडसर थर धरते. ताजी भाजलेली असेल तर थर चांगला उंच येतो आणि त्यातून बुडबुडे फुटत राहतात. चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. मग चमच्याने थर दोन-तीनदा हलकेच मोडायचा. इथे पाहण्यासारखं असतं: मोडल्याबरोबर बहुतेक पूड पाऊस पडावा तशी खाली जाते आणि वर फिकट तपकिरी फेस आणि काही हट्टी कण उरतात. ते दोन चमच्यांनी काढून टाकायचे. मग आणखी चार-पाच मिनिटं शांत ठेवायचं.

ही चार-पाच मिनिटं ऐकून लोक बिचकतात. "तूच म्हणतोस ठेवली की कडू होते, आणि तूच म्हणतोस थांब!" दादाही म्हणालाच. पण या वेळात दोन चांगल्या गोष्टी होतात. पीठ तळाला बसतं, आणि कॉफी पिण्याजोगी निवते. अर्क थोडा जास्त उतरतो, पण पूड भरड असेल आणि ढवळाढवळ नसेल तर तो कडूपर्यंत पोचत नाही. नऊ-दहा मिनिटांची, न घुसळलेली, एकदम सगळी ओतून घेतलेली कॉफी ही चार मिनिटांनी दाबून पंचवीस मिनिटं ठेवलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी स्वच्छ लागते. हे मात्र भरड पुडीचं गणित आहे. पूड बारीक असेल तर थांबू नका, चार मिनिटांच्याही आत ओता आणि पुढच्या वेळी भरड दळा.

ओतायच्या वेळी दांडा तळापर्यंत न्यायचाच नाही. जाळी कॉफीच्या पृष्ठभागाच्या जरा खाली येईल एवढीच उतरवायची आणि तशीच धरून सावकाश ओतायचं. चोथा आधीच तळाशी बसलेला असतो. त्याला दाबून पिळायची गरज नाही, पिळलं तर शांत बसलेलं पीठ पुन्हा उठतं. जाळी इथे फक्त तरंगणाऱ्या चुकार कणांना अडवते. चोथ्यात अडकलेली कॉफी वाया जाते म्हणून काहीजण हळहळतात. जाऊ द्या. एक ग्रॅम पूड साधारण दोन ग्रॅम पाणी धरून ठेवते, म्हणजे ३६ ग्रॅममध्ये ७० मिलीच्या आसपास. तळाची आणखी तीसेक मिली गाळासकट भांड्यातच सोडायची. ६०० मधून पाचशे मिली हाती येते, अडीचशेचे दोन मग. दादाला दोनच हवे होते.

एवढा वेळ नसेल आणि चार मिनिटांनीच दाबायचं असेल तर तेही चालतं. मात्र हळू. पंधरा-वीस सेकंद घेऊन, हाताच्या वजनाने. चोथ्याचा विरोध लागला की थांबायचं. हा विरोध बरंच काही सांगतो. दांडा पाण्यात जावा तसा सरसर खाली गेला तर पूड फार जाड आहे आणि कॉफी फिकी लागेल. निम्म्यावर अडला आणि जोर लावावासा वाटला तर पूड फार बारीक आहे. अशा वेळी जोर लावूच नका. जाळीच्या कडेने उकळती कॉफी उसळून हातावर येते, काच तडकते. दांडा इंचभर वर घ्यायचा, क्षणभर थांबायचं, मग पुन्हा दाबायचा. त्या दिवशीचा कप कडू येणार हे मात्र तेव्हाच समजून घ्यायचं.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: भांडं रिकामं करायचं. एक मग आपला, उरलेली सगळी थर्मासमध्ये. दोन माणसं असतील तर दोन्ही मग थोडे थोडे आळीपाळीने भरायचे, म्हणजे एकाला वरची पातळ आणि दुसऱ्याला तळाची दाट असं होत नाही. थर्मास नसेल तर कुठलंही झाकणाचं भांडं चालेल, अगदी किटलीही. गार झालेली चांगली कॉफी ही ऊन कडू कॉफीपेक्षा केव्हाही बरी.

एकट्यासाठी अर्धीच करावी का? करावी, पण भांडं मोठं असेल तर एक अडचण येते. एक लिटरच्या भांड्यात ३०० मिली पाण्याची उंची जेमतेम दोन-तीन बोटं. ते लवकर निवतं, आणि काही भांड्यांत दांडा पूर्ण दाबला तरी जाळी चोथ्यापासून लांबच राहते. वरच्या रीतीत जाळी वरच थांबवायची असल्याने तेवढं बिघडत नाही, पण रोज एकच मग पिणाऱ्याने ३५० मिलीचं लहान भांडं घ्यावं हे बरं. या भांड्यांवर ३ कप, ८ कप असं लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तो कप साधारण सव्वाशे मिलीचा. ८ कपांचं भांडं म्हणजे एक लिटर, म्हणजे आपल्या मोठ्या मगांनी जेमतेम चार. आकडा बघून मोठं भांडं घेणं आणि मग उरलेली कॉफी त्यातच पडू देणं, या तक्रारीची सुरुवात कितीतरी घरांत अशी दुकानातूनच होते.

प्रयोगात दोन्ही कप कडू निघालेल्यांसाठी थोडक्यात. आधी जाळी उघडा. ती नुसती पाण्याखाली धरून धुतलेली चालत नाही. दांड्याच्या टोकाचा स्क्रू फिरवून तिन्ही चकत्या सुट्या करा: वरची, मधली तारेची जाळी, खालची भोकांची. मधल्या जाळीच्या कडेला तपकिरी चिकट थर दिसला आणि त्याला खवट वास आला, तर रोजच्या कॉफीत तेच विरघळत होतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. त्यानंतर पूड पाहा. चिमटीत घेऊन बोटं चोळल्यावर बोटांना पिठासारखा थर लागत असेल तर भरड दळा, किंवा बारीक चाळणीने चाळून खाली पडलेलं पीठ टाकून द्या. थोडी कॉफी वाया जाते, चव सुधारते. त्यानंतरही कडूच असेल तर बिया काळ्या भाजलेल्या आहेत. बिया तेलाने चकाकत असतील तर तीच खूण. जास्त भाजण्यात वेगळीच, रेंगाळणारी कडू द्रव्यं तयार होतात आणि ती चार मिनिटांतही उतरतात. अशा बियांना पाणी ८८-९० अंशांचं घेतलं तर थोडा फरक पडतो. थोडाच.

आणि आजची कॉफी आत्ताच कडू झाली असेल तर? काढलेलं परत आत घालता येत नाही. नखाएवढं मीठ टाकलं तर कडूपणा जिभेला कमी जाणवतो. दूध तुरटपणावर बऱ्यापैकी पांघरूण घालतं. नुसतं गरम पाणी घातलं तर दाटपणा कमी होतो, पण जीभ कोरडी पडायची ती पडतेच.

दादाने सोमवारपासून थर्मास काढला. दोन दिवस सगळं ठीक, तिसऱ्या दिवशी फोन. "कडू नाही लागत आता. पण दुसऱ्या मगाला चहाचा वास येतो." त्या थर्मासमध्ये आधी वर्षभर चहा भरला जात होता. मोठा चमचाभर खाण्याचा सोडा टाकून उकळतं पाणी भरून झाकण न लावता रात्रभर ठेवायला सांगितलंय, आणि झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवायला. वास बहुतेक त्या रिंगेतच असतो.